चतुर्थीची सुट्टी, कार्डाचे देयक आणि विलंब शुल्कमाफीचे पत्र

चतुर्थीचे दिवस सरले, माटोळी उतरली आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात क्रेडिट कार्डांची नवी देयके हाती पडू लागली. गोव्यातील अनेक घरांत या देयकावर २०२५ मध्ये एक अनपेक्षित ओळ दिसली : विलंब शुल्क. त्या वर्षी चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्ट २०२५ रोजी आली. २७ आणि २८ असे दोन्ही दिवस गोव्यातील बँका बंद होत्या. त्याच सुमारास ज्यांच्या देयकाची अखेरची तारीख होती, त्यांतील काहींचे पैसे उशिरा पोहोचले. साहजिकच कार्ड कंपनीला पत्र जाते : ‘सणाच्या सुट्टीमुळे विलंब झाला, कृपया शुल्क माफ करावे.’ बहुतेक वेळा उत्तरही ठरलेले असते : ‘आमच्या नोंदींनुसार शुल्क नियमानुसार आकारण्यात आले आहे.’

असे उत्तर येते तेव्हा कंपनीचा आडमुठेपणा हे त्याचे एकमेव कारण नसते. ज्या मुद्द्यावर पत्र उभे केलेले असते, तो ‘सुट्टी होती’ हा मुद्दाच मुळात फार कमकुवत आहे. जो मुद्दा बळकट आहे, तो बहुतेक पत्रांत येतच नाही. तो मुद्दा म्हणजे दिवसांची मोजणी.

सुट्टीच्या दिवशी मुदत संपली की ती आपोआप पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत वाढते, असा सार्वत्रिक समज आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम १० नुसार, एखादी गोष्ट न्यायालयात किंवा कार्यालयात ठरावीक मुदतीत करावयाची असेल आणि शेवटच्या दिवशी ते कार्यालय बंद असेल, तर ती पुढच्या उघड्या दिवशी केली तरी चालते. पण हे कलम कायद्याने घालून दिलेल्या मुदतींसाठी आहे. कार्ड कंपनी आणि ग्राहक यांच्यातील कराराला ते लागू पडत नाही. बँकांच्या सुट्ट्या ज्या कायद्याखाली जाहीर होतात, त्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात तर याच्या अगदी उलट नियम आहे. त्याच्या कलम २५ नुसार, हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती आधीच्या कामाच्या दिवशी देय मानली जाते. सावकारी व्यवहाराची जुनी रीत अशी की सुट्टी येणार हे आधीच ठाऊक असते, म्हणून पैसे सुट्टीपूर्वी द्यावेत. कार्डाचे देयक म्हणजे हुंडी नव्हे, त्यामुळे हेही कलम त्याला थेट लागू नाही. पण ‘सुट्टी आली म्हणून मुदत वाढली’ असा युक्तिवाद करणाऱ्याच्या पाठीशी कोणताही कायदा उभा नाही, एवढे यातून स्पष्ट होते.

दुसरी अडचण व्यवहारातील आहे. सुट्टीत पैसे पाठवताच येत नव्हते, हे विधान आता खरे राहिलेले नाही. एनईएफटी सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून वर्षाचे सर्व दिवस, अहोरात्र चालते. हप्त्यांची आपोआप वसुली करणारी नाच ही यंत्रणाही १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सुरू असते. मोबाइलवरून पैसे भरणाऱ्या ग्राहकाने ‘बँक बंद होती’ असे लिहिले, तर पत्र वाचणारा कर्मचारी पुढची ओळ वाचण्यापूर्वीच मनात नकार पक्का करतो. सुट्टीचा खरा फटका बसतो तो धनादेशाने किंवा रोखीने पैसे भरणाऱ्यांना, आणि त्यांत ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाण साहजिकच मोठे असते.

आता बळकट मुद्द्याकडे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट व डेबिट कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांत एक तरतूद अशी आहे : कार्डाचे खाते देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ थकीत राहिले, तरच विलंब शुल्क आकारता येते आणि तरच ते खाते थकीत असल्याचे पतमाहिती कंपन्यांना कळवता येते. म्हणजे देय तारीख २७ असेल, तर २८, २९ आणि ३० या तीन तारखांपर्यंत किमान देय रक्कम पोहोचल्यास विलंब शुल्क लागू शकत नाही. मात्र चौथा दिवस उजाडला की मोजणी पुन्हा मूळ देय तारखेपासूनच होते; वगळलेले तीन दिवस ग्राहकाच्या पदरात पडत नाहीत. शिवाय हे तीन दिवस कॅलेंडरचे आहेत, कामकाजाचे नव्हेत. सुट्टी त्यातून वजा होत नाही, पण एखाद-दुसऱ्या दिवसाची सुट्टी या तीन दिवसांत सहज सामावून जाते. सुट्टीसाठी वेगळी सवलत नसली, तरी सुट्टीने झालेल्या बऱ्याचशा विलंबावर उतारा या नियमातच आहे.

एक उदाहरण तारखांनिशी पाहू. फोंड्यातील एका निवृत्त शिक्षिकेचे देयक ७ ऑगस्टला निघाले, असे समजा. एकूण रक्कम १८,४०० रुपये. त्यांत १८ जुलैची १२,००० रुपयांची आणि २ ऑगस्टची ६,४०० रुपयांची खरेदी. किमान देय रक्कम ९२० रुपये. देय तारीख २७ ऑगस्ट. बाई दर महिन्याला पूर्ण रक्कम धनादेशाने भरतात. या वेळी त्यांनी मंगळवारी, २६ ऑगस्टला सायंकाळी, बाजारहाट आटोपून घरी परतताना धनादेश बँकेच्या पेटीत टाकला. पेटी त्या दिवसापुरती आधीच उघडून झाली होती. बुधवार आणि गुरुवार सुट्टी. शुक्रवारी, २९ तारखेला, धनादेश बाहेर निघाला आणि कार्ड विभागाकडे गेला. शनिवारी, ३० तारखेला, तो समाशोधनाला लागला. तो महिन्यातील पाचवा शनिवार असल्याने बँका सुरू होत्या. सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची असते. रविवार गेला आणि सोमवारी, १ सप्टेंबरला, रक्कम कार्डाच्या खात्यात जमा झाली.

देय तारखेपासून हा पाचवा दिवस. तीन दिवसांची मर्यादा शनिवारीच संपली होती. त्यामुळे ७ सप्टेंबरच्या देयकावर विलंब शुल्क आले. ते ७५० रुपये धरू, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १३५ रुपये, एकूण ८८५. बाईंनी धनादेश देय तारखेच्या आधी दिला होता, हे खरे. पण बहुतेक कंपन्यांच्या अटींत धनादेश ज्या दिवशी वटतो तोच भरण्याचा दिवस मानला जातो आणि तो काही कामाचे दिवस आधी टाकण्याची सूचनाही असते. म्हणून इथे शुल्क चुकीचे आहे असे म्हणता येत नाही. बाईंचे पत्र हे विनंतीचे पत्र आहे, हक्काचे नव्हे.

याच बाईंनी शनिवारी, ३० तारखेला, मुलाला सांगून मोबाइलवरून नुसते किमान रकमेचे ९२० रुपये भरले असते, तर खाते थकीत राहिले नसते आणि ८८५ रुपयांचा भुर्दंड टळला असता. नंतर धनादेश वटल्यावर जी जादा रक्कम जमा झाली असती, ती पुढील देयकात वळती झाली असती. आणि असे पैसे ३० तारखेला भरूनही कंपनीने शुल्क लावले असते, तर मात्र प्रकरणाचे स्वरूपच पालटले असते. तिथे माफी मागायची नसते. नियमबाह्य आकारणी परत मागायची असते. पत्र लिहिण्यापूर्वी देयकावरील रक्कम जमा झाल्याची तारीख शोधून, देय तारखेनंतरचा दिवस पहिला धरून बोटांवर मोजणी करावी, ती यासाठीच. उत्तर तीन किंवा त्याहून कमी आले, तर पत्र एका प्रकारचे. चार किंवा अधिक आले, तर दुसऱ्या प्रकारचे. इथे आपल्या खात्यातून पैसे वजा झाल्याची तारीख आणि कार्डाच्या खात्यात जमा झाल्याची तारीख यांत गल्लत होते. एनईएफटीने पैसे पाठवले असतील, तर यूटीआर क्रमांक दोन्हींमधला दुवा असतो. तो पत्रात नसला की कंपनी आपली नोंद पुढे करते आणि ग्राहकाजवळ बोलायला काही उरत नाही.

बाईंच्या देयकावर आणखी एक ओळ आहे आणि ती पत्र लिहिणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. ती आहे व्याजाची. तीन दिवसांची सवलत विलंब शुल्काला आहे, व्याजाला नाही. पूर्ण रक्कम देय तारखेपर्यंत पोहोचली नाही की बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज देय तारखेपासून नव्हे, तर प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर धरला, तर १२,००० रुपयांवर १८ जुलै ते १ सप्टेंबर या ४५ दिवसांचे व्याज सुमारे ६२१ रुपये होते. ६,४०० रुपयांवर २ ऑगस्टपासूनच्या ३० दिवसांचे सुमारे २२१ रुपये. बेरीज ८४२, त्यावर जीएसटी १५२, एकूण ९९४ रुपये. चतुर्थीच्या बाजारासाठी ७ ऑगस्टनंतर कार्डावर जी खरेदी झाली असेल, तिचे व्याज वेगळेच.

म्हणजे ज्या शुल्काच्या माफीसाठी पत्र लिहायचे, ते ८८५ रुपयांचे. आणि ज्याचा पत्रात उल्लेखच नाही, ते व्याज ९९४ रुपयांचे. कंपनीने उदारपणे विनंती मान्य केली, तरी निम्म्याहून अधिक रक्कम तशीच राहते, आणि शुल्क माफ झाल्याच्या समाधानात ग्राहक ती निमूटपणे भरून टाकतो. व्याजाचा दरच अवाजवी आहे असे पत्रात लिहून उपयोग नाही. ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ सालचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला आहे. त्यापेक्षा एक मोजकी विनंती अधिक परिणामकारक ठरू शकते : विलंब पाच दिवसांचा झाला, तर व्याज पाच दिवसांचेच घ्यावे. १८,४०० रुपयांवर त्याच दराने पाच दिवसांचे व्याज सुमारे १०६ रुपये होते, करासह १२५. ८४२ आणि १०६ हे दोन आकडे शेजारी ठेवले की मागणी किती रास्त आहे, हे कर्मचाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट पैशांची नाही. जानेवारी २०२५ पासून पतमाहिती कंपन्यांकडे खात्यांची स्थिती महिन्यातून दोनदा, १५ तारखेची आणि महिनाअखेरची, कळवली जाऊ लागली. ३१ ऑगस्ट हा बाईंच्या थकबाकीचा चौथा दिवस होता. म्हणजे नेमका नोंदीच्या दिवशी त्यांचा धनादेश समाशोधनात अडकलेला होता आणि खाते थकीत म्हणून कळवण्यास कंपनी मोकळी होती. शुल्क माफ झाले म्हणून ही नोंद पुसली जात नाही. दोन्ही गोष्टी कंपनीच्या वेगवेगळ्या विभागांत चालतात. निवृत्त शिक्षिकेला त्याचे फारसे काही वाटणार नाही कदाचित. पण पुढील वर्षी घरासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या तिच्या मुलाच्या कार्डावर हेच घडले असते, तर ८८५ रुपये किरकोळ वाटले असते.

आता सुट्टीविषयी. सुट्टी हा हक्क देत नसली, तरी विनंतीचे सबळ कारण नक्कीच आहे. मात्र ती गोव्याची सुट्टी म्हणून लिहावी लागते. पत्र ज्या कार्यालयात वाचले जाते, ते बहुधा मुंबईत, चेन्नईत किंवा आणखी दूर असते. २८ ऑगस्टला, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, रिझर्व्ह बँकेच्या यादीत पणजी विभागाला सुट्टी होती. मुंबईत मात्र बँका सुरू होत्या. ‘सणामुळे बँका बंद होत्या’ एवढेच लिहिले, तर तिथला कर्मचारी आपल्यासमोरचे कॅलेंडर पाहतो आणि त्याला २८ तारीख कामाचा दिवस दिसते. ‘रिझर्व्ह बँकेच्या सुट्ट्यांच्या यादीत पणजी विभागासाठी २७ व २८ ऑगस्ट’ असे लिहिले की शंकेला जागा उरत नाही.

या सगळ्याचा विचार करून बाईंचे पत्र असे होऊ शकेल :

‘प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग

विषय : ७ सप्टेंबर २०२५ च्या देयकातील विलंब शुल्क माफ करण्याबाबत व व्याज कमी करण्याबाबत

महोदय/महोदया,

माझ्या कार्डाचे (शेवटचे चार अंक : ....) १८,४०० रुपयांचे देयक २७ ऑगस्ट २०२५ रोजी देय होते. पूर्ण रकमेचा धनादेश क्रमांक .... मी २६ ऑगस्ट रोजी आपल्या फोंडा शाखेच्या पेटीत टाकला. रिझर्व्ह बँकेच्या यादीनुसार पणजी विभागात २७ व २८ ऑगस्ट रोजी बँकांना सुट्टी होती आणि ३१ ऑगस्टला रविवार होता. रक्कम १ सप्टेंबर रोजी, म्हणजे देय तारखेनंतर पाचव्या दिवशी जमा झाली. या पाच दिवसांपैकी दोन दिवस येथील शाखा बंद होती.

विलंब झाला हे मला मान्य आहे. तथापि, मी दरमहा देयकाची पूर्ण रक्कम मुदतीत भरत आले आहे; याची खात्री आपल्या नोंदींवरून करता येईल. हे लक्षात घेऊन पुढील तीन गोष्टींचा विचार व्हावा, ही विनंती. विलंब शुल्क ७५० रुपये व त्यावरील कर १३५ रुपये माफ करावेत. व्याज ८४२ रुपये व त्यावरील कर रद्द करावा; ते शक्य नसल्यास प्रत्यक्ष विलंबाच्या पाच दिवसांपुरतेच व्याज आकारावे. तसेच ३१ ऑगस्टच्या स्थितीनुसार माझे खाते थकीत असल्याचे पतमाहिती कंपन्यांना कळवले आहे काय, हे लेखी कळवावे, आणि कळवले असल्यास वरील परिस्थिती ध्यानात घेऊन त्या नोंदीचा फेरविचार करावा.

सदर आकारणीची रक्कम मी या विनंतीला बाध न येता चालू देयकासोबत भरत आहे. विनंती मान्य झाल्यास ती माझ्या कार्डाच्या खात्यात जमा करावी. सोबत दोन्ही देयकांच्या आणि पासबुकातील नोंदीच्या प्रती जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
....’

पत्रात ‘विलंब झाला हे मला मान्य आहे’ हे वाक्य मुद्दाम आहे. चूक कबूल केल्याने बाजू दुबळी होते, असा अनेकांचा समज असतो. विनंतीच्या पत्रात उलट घडते : वाद घालणाऱ्या ग्राहकाला उत्तर देण्यासाठी कर्मचारी नियम शोधतो, कबुली देणाऱ्यासाठी सवलत शोधतो. ‘दरमहा पूर्ण रक्कम भरत आले आहे’ हे वाक्य मात्र खरे असेल तरच लिहावे. वर्षभराच्या नोंदी समोरच्या पडद्यावर एका क्षणात दिसतात. मागील काही महिन्यांत एकदा अशी माफी मिळालेली असेल, तर दुसऱ्यांदा ती मिळण्याची आशा फारशी धरू नये.

आकारणी भरून टाकण्याविषयीचे वाक्य काहींना पटणार नाही. माफी मागायची आणि पैसेही द्यायचे, हे विसंगत वाटते. पण विनंतीचा निकाल लागेपर्यंत रक्कम अडवून ठेवली, तर ती पुढील देयकाच्या थकबाकीत धरली जाते आणि आधीचे शुल्क माफ होण्यापूर्वीच नवे शुल्क लागू शकते. भरलेली रक्कम परत मिळवणे त्या मानाने सोपे.

ज्यांची मोजणी तीन दिवसांच्या आत येते, त्यांनी दुसरा परिच्छेद बदलावा. तिथे चांगल्या इतिहासाची किंवा सणाची गरज नाही. रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली, देय तारखेनंतर किती दिवस झाले, आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार खाते तीन दिवसांहून अधिक थकीत नसताना शुल्क आकारता येत नाही, एवढी तीन वाक्ये पुरेशी आहेत. शेवटी ‘कृपया माफ करावे’ ऐवजी ‘आकारलेले शुल्क करासह परत करावे’ असे लिहावे. हा शब्दांचा खेळ नाही. पत्राला नकार मिळाल्यानंतरचा रस्ता याच फरकावर ठरतो.

तो रस्ता असा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, थेट दूरध्वनी, ईमेल आणि टपालाचा पत्ता देयकावर छापण्याचे बंधन कार्ड कंपनीवर आहे. सर्वसाधारण ग्राहक सेवा क्रमांकाऐवजी पत्र तिथे पाठवावे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करता येते. ती विनामूल्य असते आणि cms.rbi.org.in या संकेतस्थळावर नोंदवता येते. टपालाने पाठवायची असल्यास ती चंडीगडच्या केंद्रीय कार्यालयाकडे जाते, आणि १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही मार्गदर्शन मिळते. पण याच योजनेत असेही म्हटले आहे की, संस्थेच्या व्यावसायिक निर्णयाविषयीची तक्रार लोकपाल विचारात घेणार नाहीत. नियमानुसार लागलेले शुल्क माफ करायचे की नाही, हा कंपनीचा व्यावसायिक निर्णय ठरतो. तीन दिवसांच्या आत लावलेले शुल्क मात्र सेवेतील त्रुटी आहे. म्हणून फोंड्याच्या बाईंचा प्रवास कंपनीच्या उत्तरापाशी थांबण्याची शक्यता अधिक, आणि ज्याचे पैसे ३० तारखेला पोहोचले त्याच्यासाठी लोकपालांचे दार उघडे आहे. पतमाहितीची नोंद मुळात चुकीचीच असेल, तर तिसरा मार्गही आहे : तक्रार केल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे.

धनादेशाने पैसे भरणे सोडून द्यावे, असा सल्ला घरातील तरुण मंडळी लगेच देतात. तो चुकीचा नाही, पण सर्वांच्या पचनी पडत नाही. ज्यांना धनादेशच सोयीचा वाटतो, त्यांनी निदान पेटी टाळावी. खिडकीवर धनादेश दिल्यास त्याची पोच देण्यास शाखा नकार देऊ शकत नाही, आणि ग्राहकाला तशी पोच मागता येते हे पेटीवरही लिहिलेले असणे आवश्यक आहे. बाईंजवळ २६ तारखेची शिक्क्यानिशी पोच असती, तर त्यांच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य केवळ त्यांच्या शब्दावर अवलंबून राहिले नसते. दुसरा उपाय आपोआप वसुलीचा : पूर्ण रक्कम धनादेशानेच भरायची असली, तरी किमान रकमेपुरती सूचना बँकेला देऊन ठेवली, तर सणासुदीत निदान विलंब शुल्क लागत नाही. आणि ज्यांची देय तारीख निवृत्तिवेतन जमा होण्याच्या आधीच येते, त्यांना देयकाचे चक्र किमान एकदा बदलून मागण्याचा अधिकार मार्च २०२४ च्या दुरुस्तीनुसार आहे.

४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश त्याच दिवशी वटवण्याची नवी पद्धत सुरू झाली. समाशोधनातील एक दिवस त्यामुळे वाचतो. पेटी उघडण्याची वाट पाहण्यातले दिवस मात्र वाचत नाहीत. गोव्यापुरत्या सुट्ट्यांची पुढची वेळ डिसेंबर २०२५ मध्ये आली. ३ तारखेला सेंट झेवियरच्या फेस्ताची सुट्टी बुधवारी होती, आणि १९ तारखेला गोवा मुक्तिदिन शुक्रवारी. ज्यांची देय तारीख १९ डिसेंबर होती, त्यांचे तीन दिवस शनिवार, रविवार आणि सोमवार असे होते. १८ तारखेच्या सायंकाळी पेटीत पडलेला धनादेश शनिवारी बाहेर काढून त्याच दिवशी समाशोधनाला लावला गेला असेल, तर तो मुदतीत बसला. मंगळवार उजाडला असेल, तर पुन्हा पत्र लिहावे लागले.